तान्ह्या बाळाच्या औषधाची बाटली कशी वाचायची : अल्कोहोल, साखर आणि बेन्झाइल अल्कोहोल

सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की दिवसातून एखादी तरी आजी येते, नातवाचं वय बोटांवर मोजून सांगते आणि विचारते, "पोटाचं काहीतरी गोड औषध द्या." कडू औषध बाळ थुंकतं, गोड गिळतं, त्यामुळे मागणी रास्तच वाटते. पण गोडवा, चव, वास आणि बाटली महिनाभर न नासण्याची सोय फुकट येत नाही. त्यासाठी औषधाबरोबर इतर बरंच काही मिसळलेलं असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात ते सहज जिरतं. जन्मून तीन आठवडे झालेल्या अडीच किलोच्या बाळात ते तसं जिरेलच असं नाही.

घरात पहिलंच बाळ आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. तीन गोष्टी शोधायच्या आहेत : पिण्याचं अल्कोहोल (लेबलवर इथाइल अल्कोहोल किंवा इथेनॉल), साखर आणि बेन्झाइल अल्कोहोल. मध्यंतरी खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. ती भेसळ होती. इथे बोलतो आहे ते उघडपणे, नियमाने घातलेल्या घटकांबद्दल.

सगळ्या बाटल्या एकत्र मांडा

एकेक बाटली सुटी पाहिली तर काहीच गैर दिसत नाही, म्हणून सुरुवात इथून करा. आमच्याकडे नेहमी दिसतं तसं एक उदाहरण बांधतो. साखर पेठेतलं घर, बाळ २१ दिवसांचं, वजन २.४ किलो. जन्मानंतर झटके आले होते म्हणून दवाखान्यातून फेनोबार्बिटोनचं सिरप दिलेलं आहे. व्हिटॅमिन डीचे थेंब आहेत. आजीने पोट दुखतं म्हणून ग्राइप वॉटर आणलंय. मावशीने बाळ बाळसं धरावं म्हणून एक आयुर्वेदिक आसव पाठवलंय. डॉक्टरांना पहिल्या दोन बाटल्या माहीत आहेत, उरलेल्या दोन नाहीत. कारण आपण त्यांना 'औषध' म्हणून मोजतच नाही.

बाळगुटी, होमिओपॅथीचे थेंब, शेजारच्या बाळाची उरलेली बाटली, सगळं याच रांगेत ठेवा. आशाताई घरी येतात तेव्हा हीच रांग त्यांना दाखवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात.

लेबलवर नेमकं कुठे बघायचं

बाटलीच्या पुढच्या बाजूला नाव आणि बाळाचं हसरं चित्र असतं. आपल्या कामाचं सगळं बाजूला, बारीक अक्षरात. 'प्रत्येक ५ मिलीमध्ये' असं सुरू होणारा परिच्छेद शोधा. त्यात आधी औषधाचं नाव आणि प्रमाण येतं, आणि शेवटी बहुतेक वेळा 'फ्लेवर्ड सिरपी बेस, क्यू. एस.' अशी ओळ असते. क्यू. एस. म्हणजे लागेल तेवढं. सिरपी बेस म्हणजे जवळपास नेहमीच साखरेचा पाक. म्हणजे बाटलीत सगळ्यात जास्त जे भरलेलं असतं, त्याचाच आकडा दिलेला नसतो.

अल्कोहोलच्या बाबतीत आपल्याकडे नियम आहे. ॲलोपॅथीच्या औषधात अल्कोहोल ३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर त्याची टक्केवारी लेबलवर छापावी लागते. ती 'व्ही/व्ही', म्हणजे आकारमानाच्या हिशेबात असते. बऱ्याच जणांच्या हे लक्षात येत नाही की त्याहून कमी असेल तर लेबल गप्प राहू शकतं. लेबलवर अल्कोहोल लिहिलेलं नाही म्हणजे ते नाहीच, असं धरू नका. 'एलिक्झिर' किंवा 'टिंक्चर' हे शब्द दिसले तर अल्कोहोल आहे असं मानूनच पुढे चला आणि विचारा.

आयुर्वेदिक बाटलीवर नाव 'आसव' किंवा 'अरिष्ट' असं संपत असेल तर ती गूळ किंवा साखर घालून, धायटीच्या फुलांबरोबर आंबवून केलेली असते. त्यातलं अल्कोहोल बाहेरून घातलेलं नसतं, आंबवताना तयार होतं. म्हणून लेबलवर 'सेल्फ-जनरेटेड अल्कोहोल' असं लिहून टक्के दिलेले असतात. "आपोआप झालेलं आहे, मग चालतं" हे मी अनेकदा ऐकलं आहे. बाळाच्या यकृताला ते कसं तयार झालं याने काही फरक पडत नाही, रेणू तोच आहे. होमिओपॅथीचे पातळ थेंब तर बहुतांशी अल्कोहोलमध्येच बनवलेले असतात. तेही थेट जिभेवर टाकू नका.

अल्कोहोलचा हिशेब

हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. डोस किती मिली आहे तो आकडा घ्या. त्याला टक्केवारीने गुणा आणि शंभराने भागा. इतके मिली शुद्ध अल्कोहोल बाळाच्या पोटात जातं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एका मिलीचं वजन सुमारे ७९० मिलीग्रॅम भरतं, म्हणून त्याला ७९० ने गुणा. शेवटी बाळाच्या वजनाने भागा. मिळालेला आकडा म्हणजे दर किलोला, एका डोसमागे किती मिलीग्रॅम.

आपल्या बाळाचं करून पाहू. फेनोबार्बिटोनचं सिरप ५ मिलीत २० मिलीग्रॅम असं येतं. बाळाला दिवसाला १२ मिलीग्रॅम हवं, म्हणजे ३ मिली. ते १.५ मिली सकाळी आणि १.५ मिली संध्याकाळी असं दिलंय. लेबलवर अल्कोहोल १२ टक्के आहे असं धरू. अमेरिकेत याच औषधाच्या एलिक्झिरमध्ये ते १५ टक्क्यांपर्यंत असतं, तेव्हा हा आकडा हवेतला नाही. १.५ मिलीचे १२ टक्के म्हणजे ०.१८ मिली, म्हणजे साधारण १४२ मिलीग्रॅम. २.४ ने भागलं की ५९.

आता मावशीचं आसव. अर्धा चमचा, म्हणजे २.५ मिली, तेही संध्याकाळीच. लेबलवर ८ टक्के. ०.२ मिली, १५८ मिलीग्रॅम, भागिले २.४, उत्तर ६६.

ताडून पाहायला युरोपच्या औषध नियामकांचे आकडे उपयोगी पडतात. तिथे एका डोसमागे दर किलोला १५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल जात असेल तर माहितीपत्रकात जास्त स्पष्ट इशारा द्यावा लागतो, आणि ७५ च्या वर गेलं तर आणखी कडक. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या धरल्या तर ७५ च्या आत बसतात. पण संध्याकाळी दोन्ही पाठोपाठ दिल्या की ५९ आणि ६६ मिळून १२५ होतात.

१२५ म्हणजे किती, हे सहज समजावं म्हणून त्याला ६ ने भागा. रक्तातलं प्रमाण अंदाजाने मिळतं : दर १०० मिली रक्तात सुमारे २१ मिलीग्रॅम. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसासाठी मर्यादा ३० आहे. तीन आठवड्यांचं बाळ रोज संध्याकाळी तिच्या दोन तृतीयांशापर्यंत पोहोचतंय, आणि घरातल्या कुणालाही याचा पत्ता नाही.

हा अंदाज वरच्या बाजूचा आहे हे खरं. सगळं एकदम रक्तात उतरलं असं त्यात धरलंय. पण दुसरी बाजूही आहे. अल्कोहोल मोडणारं यकृतातलं एन्झाइम नवजात बाळात फार कमी काम करतं. त्यामुळे चढलेलं हळू उतरतं आणि पुढचा डोस आधीच्या उरलेल्यावर पडतो. तेव्हा १५ आणि ७५ हे इशाऱ्याचे आकडे आहेत, 'इथपर्यंत सुरक्षित' असं सांगणारे नाहीत.

गप्प लेबलचंही एक गणित करून ठेवा. २.५ टक्के अल्कोहोल असलेलं, म्हणजे लेबलवर काहीही न लिहिलेलं सिरप चमचाभर, ५ मिली दिलं, तर याच बाळाला दर किलोला ४१ मिलीग्रॅम जातं.

बाळाला होतं काय

अल्कोहोलने झोप येते, श्वास मंदावतो. फेनोबार्बिटोननेही तेच होतं, त्यामुळे दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट साखरेची आहे. अल्कोहोल मोडण्यात गुंतलेलं यकृत नवी साखर नीट बनवू शकत नाही. वजनाने कमी असलेल्या बाळाकडे साखरेचा साठा मुळातच थोडा असतो. त्यात ते गुंगीत दूधही कमी ओढतं, मग रक्तातली साखर घसरते. घरातले म्हणतात, "औषधाने बाळ शांत झालं, रात्रभर झोपलं." पोटदुखी थांबल्यामुळे झोपलेलं बाळ आणि अल्कोहोलने झोपलेलं बाळ बाहेरून सारखंच दिसतं. फरक दुधाच्या वेळी कळतो. पहिलं हलवलं की जागं होऊन ओढायला लागतं. दुसरं जागं होत नाही, किंवा दोन घोट घेऊन सोडून देतं.

काय थांबवायचं आणि काय अजिबात नाही

इथे घाई केली तर नुकसान मोठं होतं. फेनोबार्बिटोन स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. अचानक थांबवलं तर झटके परत येऊ शकतात, आणि तो धोका अल्कोहोलपेक्षा कितीतरी मोठा आहे. आसव मात्र आजच बंद करता येतं. त्यावाचून बाळाचं काही अडत नाही. एवढ्या एका गोष्टीने संध्याकाळचा आकडा १२५ वरून ५९ वर येतो.

मग डॉक्टरांकडे जाऊन सरळ विचारा : "या सिरपमध्ये अल्कोहोल आहे, बाळाचं वजन इतकं आहे. गोळीची पुडी करून देता येईल का, की दुसऱ्या कंपनीचं बिनअल्कोहोलचं सिरप चालेल?" फेनोबार्बिटोनच्या गोळ्या मिळतात. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेप्रमाणे फार्मासिस्टला त्याच्या पुड्या बांधून देता येतात. काही औषधांत जास्त तीव्रतेचे थेंब मिळतात, म्हणजे कमी मिलीत काम होतं आणि सोबतचा पाक, अल्कोहोलही कमी जातं. पण सिरप आणि थेंब यांची तीव्रता वेगळी असते, सिरपचा मिलीचा आकडा थेंबांना लावलात तर डोस कित्येक पटींनी चढेल. बाटली बदलली की डोस मिलीमध्ये नव्याने लिहून घ्या आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. घरातल्या चमच्यांची मापं एकसारखी नसतात.

ग्राइप वॉटरबद्दल थोडं. १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने ते तयार केलं. त्या मूळ मिश्रणात बडीशेपेच्या जातीच्या शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि अल्कोहोल होतं. ब्रिटनमध्ये त्यातलं अल्कोहोल १९९२ मध्ये काढलं गेलं. आज आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर 'अल्कोहोल नाही' असं छापलेलं असतं. तरी साखर आणि प्रिझर्व्हेटिव्ह उरतातच, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाला पाणीसुद्धा लागत नाही, मग हे कशाला? सोलापूरच्या एप्रिल-मेमध्येही नाही लागत. माझं मत विचाराल तर तान्ह्या बाळाच्या घरात ही बाटली नसलेलीच बरी. "आमच्या पाचही पोरांना दिलं, काय झालं कुणाला?" असं आजी म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. या बाळाचं वजन आणि सोबतचं झटक्याचं औषध दाखवतो. बहुतेक आजी तेवढ्यावर ऐकतात.

आई स्वतः बाळंतपणानंतर दशमूलारिष्ट घेत असेल तर घाबरून जायचं कारण नाही. ते ५० किलोच्या शरीरात पसरतं, आणि दुधात येतं ते अगदी थोडं. तरी घ्यायचंच असेल तर बाळाला पाजून झाल्यावर घ्यावं.

साखर

सिरपसाठी जो साधा पाक वापरतात तो वजनाने दोन तृतीयांश साखर असतो. नुसत्या पाकाच्या एका मिलीत पाऊण ग्रॅमहून जास्त साखर भरते. दातांची काळजी पुढची, बाळाला अजून दात नाहीत. आत्ता प्रश्न आतड्यांचा आहे. आईच्या दुधाच्या मानाने असा पाक कितीतरी दाट असतो. दाट द्राव आतड्यात गेला की तो आजूबाजूचं पाणी ओढून घेतो. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाला थोडी पातळ शी होऊन ते निभावतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या नाजूक आतड्यांना मात्र त्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून कमी दिवसांच्या बाळांना सिरप रिकाम्या पोटी देऊ नये, दुधात मिसळून द्यायला सांगतात. किती दुधात मिसळायचं ते त्या बाळाच्या डॉक्टरांनीच सांगावं.

एक दुर्मिळ पण धोकादायक गोष्ट सांगायलाच हवी. काही बाळांना जन्मतः फ्रुक्टोज पचत नाही. आईच्या दुधात लॅक्टोज असतं, फ्रुक्टोज नसतं, त्यामुळे दुधावर असेपर्यंत हा दोष झाकलेला राहतो. आपली साधी साखर पोटात मोडली की निम्मी फ्रुक्टोज होते. अशा बाळाच्या तोंडात पहिल्यांदा साखर जाते ती पुष्कळदा औषधाच्या सिरपमधून किंवा गुटीतल्या गुळातून. त्यानंतर उलट्या, मलूलपणा, रक्तातली साखर उतरणं आणि कावीळ सुरू होते. नवं सिरप सुरू केल्यावर हे दिसलं तर "औषध बाधलं" एवढंच म्हणून सोडू नका, कोणती बाटली कधी सुरू केली ते डॉक्टरांना सांगा.

'शुगर फ्री' लिहिलेली बाटली हा यावरचा उपाय नाही. त्यात बहुधा सॉर्बिटॉल असतं. त्याने शी पातळ होते, आणि शरीरात त्याचंही फ्रुक्टोजच होतं.

दवाखान्यात सुई टोचण्याआधी बाळाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब टाकताना दिसले तर भांडू नका. वेदना कमी करण्यासाठी मोजून दिलेले ते थेंब असतात.

बेन्झाइल अल्कोहोल : इथे इंजेक्शनची बाटली बघायची

नावात अल्कोहोल असलं तरी हे वेगळं रसायन आहे. जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात, मुख्यतः अशा व्हायलमध्ये ज्यातून पुन्हापुन्हा औषध काढलं जातं. काही तोंडी औषधांतही असतं.

१९८२ मध्ये अमेरिकेत हे प्रकरण उघड झालं. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात कमी दिवसांची बाळं एकाएकी खालावत होती. रक्तात आम्ल वाढायचं, मग बाळ धाप टाकत, आचके देत श्वास घ्यायचं, हृदयाचे ठोके मंदावायचे. दोन केंद्रांतली मिळून १६ बाळं दगावली. कारण निघालं सलाइनमध्ये. नळी साफ ठेवण्यासाठी आत सोडलेल्या सलाइनमध्ये ०.९ टक्के बेन्झाइल अल्कोहोल होतं. ०.९ टक्के म्हणजे एका मिलीत ९ मिलीग्रॅम. एक किलोच्या बाळाला दिवसभरात थोडंथोडं करून ११ मिली सलाइन गेलं की ९९ मिलीग्रॅम झाले. दगावलेल्या बाळांना दर किलोला दिवसाला ९९ ते २३४ मिलीग्रॅम गेलं होतं. ते सलाइन औषध म्हणून दिलेलंच नव्हतं, म्हणून कुणी ते मोजलं नव्हतं.

आत काय होतं ते समजलं की लेबलवरचा आणखी एक शब्द ओळखीचा होतो. शरीर बेन्झाइल अल्कोहोलचं बेन्झोइक ॲसिड करतं, मग त्याला ग्लायसिन जोडून लघवीवाटे टाकतं. नवजात बाळात ही जोडणी कच्ची असते, त्यामुळे ॲसिड साठत जातं. सिरपमधलं 'सोडियम बेन्झोएट' याच वाटेवर मधूनच येऊन मिळतं. शिवाय ते रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं बिलिरुबिन सुटं करू शकतं, म्हणजे कावीळ वाढवू शकतं. पहिल्या चार आठवड्यांत, आणि बाळ पिवळं दिसत असेल तर अधिकच, हा शब्द असलेली बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

घरच्यांनी करायचं ते थोडकं आहे. बाळाला घरी किंवा छोट्या दवाखान्यात इंजेक्शन द्यायचं असेल आणि पावडर पाण्यात विरघळवायची असेल, तर नम्रपणे विचारा, "हे पाणी बिनप्रिझर्व्हेटिव्हचं आहे ना?" 'बॅक्टिरिओस्टॅटिक' हा शब्द असलेलं पाणी किंवा सलाइन नवजात बाळासाठी नको. एकदाच वापरून टाकायची छोटी अँप्यूल हवी.

जन्मल्याबरोबर देतात त्या व्हिटॅमिन के च्या इंजेक्शनला मात्र या कारणाने नकार देऊ नका. काही कंपन्यांच्या इंजेक्शनमध्ये बेन्झाइल अल्कोहोल असतं, पण अर्ध्या मिलीत ते ४.५ मिलीग्रॅम भरतं, आणि तेही एकदाच. ते न दिल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

लगेच कधी निघायचं

बाळ दुधासाठी जागं होत नाही, अंग ढिलं पडलंय, हातपाय गार लागतात, श्वास जोरात किंवा आचके देत चाललाय, वारंवार उलट्या होतात, किंवा पिवळेपणा वाढतोय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. रांगेतल्या सगळ्या बाटल्या, गुटीची पुडीसुद्धा, पिशवीत टाकून बरोबर न्या, आणि शेवटचा डोस कोणत्या बाटलीतून, किती मिली, किती वाजता दिला ते तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. बाळ सावरल्यावर त्या औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर करता येते. फोन करताना बाटलीवरचा बॅच नंबर हाताशी ठेवा.